बाबांचं साताऱ्याचं घर विकलं, त्या टॅक्सची गोष्ट

घर विकायचं ठरल्यावर टॅक्सबद्दल पहिलं मत दिलं ते चुलतभावाने, लग्नाच्या पंगतीत. "१ कोटी २० लाखाला चाललंय ना, मग २४ लाख सरकारचे समज". २० टक्के म्हणजे विक्रीच्या रकमेचे २० टक्के असं त्याचं गणित, आणि खरं सांगायचं तर माझंही तेव्हा तेच होतं. शेवटी आम्हा तिघांना मिळून टॅक्स जवळजवळ शून्य लागला, आणि तोही सगळा पांढरा व्यवहार करून. पण तिथपर्यंत जाताना मी स्वतः दोन ठिकाणी चुकीचा निर्णय घेणार होतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी परिस्थिती सांगतो. बाबांनी १९७९ मध्ये साताऱ्यात प्लॉट घेतला, १९८४ मध्ये घर बांधलं, २००९ मध्ये वरचा मजला चढवला. २०१८ मध्ये बाबा गेले, मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे आई, ताई आणि मी असे तीन वारस, तिघांचा सारखा हिस्सा. मिळकत पत्रिकेवर तिघांची वारस नोंद झालेली होती. आई माझ्याकडे पुण्यात राहायला आली, घर बंद, पावसाळ्यात गळती, वर्षातून दोनदा जाऊन झाडलोट. शेवटी १४ नोव्हेंबर २०२४ ला खरेदीखत झालं.

वारसाने घर मिळालं त्याचा आपल्याकडे टॅक्स नाही, टॅक्स लागतो तो ते विकल्यावर, आणि तोही फक्त नफ्यावर. आता नफा म्हणजे काय, कारण आम्ही तर एक रुपयाही देऊन ते घर घेतलेलं नाही. तर कायदा म्हणतो की ज्यांच्याकडून मिळालं त्यांची खरेदी किंमत ती तुमची किंमत, आणि त्यांनी जितकी वर्षं ठेवलं ती वर्षंही तुमच्या खात्यात धरायची. म्हणजे आमच्या नावावर सहाच वर्षं असलं तरी हिशोबाला प्लॉट १९७९ पासूनचा आणि घर १९८४ पासूनचं. आणि १ एप्रिल २००१ च्या आधीची मालमत्ता असेल तर मूळ किंमत सोडून त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. बाबांचा प्लॉट काही हजारांत आलेला, त्यामुळे २००१ ची किंमत धरणं हे ओघानेच आलं.

इथूनच गंमत सुरू झाली. एजंटने एक व्हॅल्यूअर सुचवला, आयकर खात्याकडे नोंदणी असलेला, सगळं व्यवस्थित. त्याने रिपोर्ट दिला, २००१ ची किंमत २७ लाख. मी खूश, कारण किंमत जितकी जास्त तितका नफा कमी. हा रिपोर्ट घेऊन सीएकडे गेलो, हा माझा कॉलेजचा मित्रच, त्याने पहिलं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, "सरकारी दराने २००१ ला किती होती?" ते रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं. मग कळलं की २०२०-२१ पासून नियम आहे, जमीन किंवा इमारत असेल तर २००१ ची जी किंमत तुम्ही धराल ती त्या तारखेच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनापेक्षा, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. व्हॅल्यूअरने २७ लिहिलं काय आणि ३७ लिहिलं काय.

मग दुसरा व्हॅल्यूअर धरला ज्याने २००१ चे जुने दर नोंदणी खात्याकडून काढले, त्यावर जमिनीचं क्षेत्रफळ, तेव्हाचं बांधकाम, बांधकामाचं वय बघून घसारा वजा, असं करून आकडा आला १८ लाख. तोच धरला. मित्र म्हणाला २७ लाख धरून रिटर्न भरता आलं असतं, फॉर्म काही तुला अडवत नाही, पण नोटीस आली की फरकावर टॅक्स, व्याज आणि वर दंड. व्हॅल्यूअरच्या रिपोर्टमध्ये सरकारी दराचा हिशोब नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे असं समजा. पहिल्याची फी गेली ती गेलीच.

वरच्या मजल्याचा खर्चही किमतीत मिळवता येतो, बाबांनी केलेला असला तरी. आई म्हणाली सात लाख लागले होते. पण सात लाख सिद्ध कशाने करायचे? माळ्यावर बाबांची खाकी फाईल होती, दोरीने बांधलेली, तिच्यात नगरपालिकेची परवानगी, बँकेच्या कर्जाचा उतारा, इंजिनिअरचं बिल आणि सिमेंट-स्टीलच्या पावत्या ज्यांच्यावरची शाई इतकी उडालेली की उजेडात धरून आकडे वाचावे लागले. कर्ज ४ लाखाचं आणि वाचता येतील अशा पावत्या धरून साडेचार लाखांचा पुरावा जमला. गवंड्याला रोख दिलेले पैसे बाबांच्या डायरीत होते पण ते सोडून दिले. तेव्हा ही फाईल फेकू नका, घर आवरताना आम्ही ती जवळजवळ रद्दीत घातली होती.

आता दर. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलला, त्या तारखेनंतर विकलं तर महागाईचा निर्देशांक न लावता, म्हणजे जुनी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, सरळ नफ्यावर साडेबारा टक्के. त्यावरून ओरड झाल्यावर निवासी व्यक्ती आणि हिंदू एकत्र कुटुंबासाठी एक सवलत ठेवली की २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा घर असेल तर जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्के, टॅक्स काढून बघा आणि तो कमी येत असेल तर तेवढाच भरा. परदेशात राहणाऱ्यांना हा पर्याय नाही. भाऊबहीण बाहेर असेल तर त्याच घराच्या तेवढ्याच हिश्श्यावर त्यांचा टॅक्स जास्त येऊ शकतो, त्यांचा टीडीएसही वेगळ्याच दराने कापला जातो, आमच्याकडे तो प्रश्न नव्हता म्हणून त्यात शिरत नाही.

आमचा एकेकाचा हिशोब असा. विक्री १ कोटी २० लाख, एजंटची दलाली १ लाख २० हजार चेकने दिली ती वजा, राहिले १ कोटी १८ लाख ८० हजार, त्याचा तिसरा हिस्सा ३९,६०,०००. खर्चाच्या बाजूला २००१ च्या किमतीचा तिसरा हिस्सा ६ लाख आणि वरच्या मजल्याचा दीड लाख. निर्देशांक न लावता नफा ३२,१०,०००, त्यावर साडेबारा टक्क्याने ४,०१,२५० रुपये, सेस धरून ४,१७,३००. निर्देशांक लावला तर, २००१-०२ चा १०० आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणून ६ लाखाचे झाले २१,७८,०००. मजला २००९-१० चा, तेव्हाचा निर्देशांक १४८, म्हणून दीड लाखाचे झाले ३,६७,९०५. नफा उरला १४,१४,०९५ आणि २० टक्के म्हणजे २,८२,८१९, सेस धरून २,९४,१३२. जुनी पद्धत आम्हाला माणशी सव्वा लाखाच्या आसपास स्वस्त पडली.

प्रत्येकाला असंच पडेल असं नाही. मित्राने एक अंदाजी माप सांगितलं ते मला फार आवडलं, २००१ ची किंमत आणि आजची विक्री यांची पट काढायची. ३६३ या निर्देशांकाला ही पट आठच्या आत असेल तर निर्देशांक लावून २० टक्के फायद्याचं, आठच्या वर गेली की साडेबारा टक्के फायद्याचं. आमची पट १२० भागिले १८ म्हणजे पावणेसातच्या खाली. पुढच्या वर्षी, २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे, त्याला हीच पट आठच्या थोडी वर, सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यान येते. गावाबाहेरची जमीन जिला २००१ मध्ये कुणी विचारत नव्हतं आणि आता हायवे लागून आलाय, तिची पट वीस-तीस असते, तिथे साडेबाराच बरं.

मधेच एक गोष्ट सांगायची राहिली, ती व्यवहाराच्या आधीची. एजंट आणि एक दूरचे काका, दोघांचंही म्हणणं की आई आणि ताईकडून हक्कसोड पत्र करून घे, एका नावावर आलं की गिऱ्हाईक लगेच तयार होतं, पैसे नंतर घरातल्या घरात वाटा. मला ते सोपंही वाटलं होतं. मित्र म्हणाला मग सगळा नफा तुझा, टॅक्सही तुझा, वर तुझा पगार मिळवून उत्पन्न ५० लाखांच्या पलीकडे गेलं की सरचार्ज. आईचं करमुक्त मर्यादेतलं जे थोडं शिल्लक आहे ते वाया आणि ताईला नवीन घर घ्यायचं असेल तर तिला सवलत मागायला नफाच उरणार नाही, कारण विकणारी ती नाहीच. शिवाय हक्कसोड करून घेतल्यावर पैसे खरंच दिले जातील का ही शंका नात्यात यायची ती वेगळीच, हे मी जोडतोय. आम्ही तिघांनीही खरेदीखतावर सह्या केल्या आणि पैसेही तीन खात्यांत वेगवेगळे घेतले.

घेणारे नवरा-बायको होते. एकूण किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा असतो. त्यांचं म्हणणं प्रत्येक विकणाऱ्याचा हिस्सा ४० लाखच आहे मग टीडीएस कशाला. हा वाद आधी चालायचा खरा, पण १ ऑक्टोबर २०२४ पासून स्पष्टच झालं की सगळ्यांचे हिस्से मिळवून मर्यादा बघायची. म्हणजे १ लाख २० हजार टीडीएस, माणशी ४० हजार. आता विकणारे तीन, घेणारे दोन, प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म २६ क्यूबी, म्हणजे सहा फॉर्म. त्यांच्या माणसाने दोनच भरले आणि दोन्हीत विकणारा म्हणून माझा पॅन. आम्हाला कळलं ते जानेवारीत, मी सहज २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेला टॅक्स दाखवणारा उतारा, उघडला तर माझ्या नावावर १ लाख २० हजार आणि आई-ताईच्या पानावर काहीच नाही. दुरुस्ती होईपर्यंत मार्च उजाडला, त्यात घेणारे बिचारे सज्जन म्हणून फोन उचलत होते. घर ताब्यात गेल्यावर घेणाऱ्याला तुमच्या टीडीएसचं काही पडलेलं नसतं, त्यामुळे खरेदीखताच्या दिवशीच सहाही चलनं बघून घ्यायला हवी होती.

आणि हो, घेणाऱ्यांनी सुरुवातीला २० लाख रोख देऊ का असंही विचारलं होतं. त्या २० लाखांवर टॅक्स वाचला असता खरा, पण ते पैसे बाँडमध्ये घालता येत नाहीत, घराच्या हप्त्याला देता येत नाहीत, आईच्या नावाने पोस्टात ठेवता येत नाहीत. घर विकून आलेली रोकड घरातच ठेवायची म्हणजे काय ते बघा. नको म्हटलं.

आता पैशाचं काय करायचं. इथे मी पहिला चुकीचा निर्णय घेणार होतो. माझ्या डोक्यात होतं की घर विकलंय तर दोन वर्षांत दुसरं घर घ्यायचं म्हणजे टॅक्स माफ, कलम ५४. पुण्यात ६० लाखांचा एक फ्लॅट बघूनही आलो, गुंतवणूक म्हणून. मग एका रविवारी कागदावर मांडलं. वाचणारा टॅक्स २ लाख ९४ हजार. त्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार आणि नोंदणी ३० हजार. म्हणजे केंद्र सरकारला तीन लाख द्यायचे नाहीत म्हणून राज्य सरकारला साडेचार लाख देणार होतो, वर २० लाखांचं कर्ज. ज्याला राहायला घर हवंय त्याने जरूर घ्यावं, पण टॅक्स वाचवायला म्हणून दुसरा फ्लॅट हा आमच्या रकमेला मूर्खपणा होता. आणि माझ्या आताच्या घराचं जुनं कर्ज फेडलं तर चालेल का विचारलं तर त्याला सूट नाही, त्या घराची खरेदी खूप आधीची.

दुसरा रस्ता म्हणजे ५४ईसीचे बाँड, नफ्याएवढी रक्कम त्यात घातली की टॅक्स माफ. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी अशा सरकारी कंपन्यांचे, खरेदीखतापासून सहा महिन्यांच्या आत घ्यायचे, माणशी ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकतात आणि व्याज आम्ही घेतले तेव्हा ५.२५ टक्के. ५.२५ ऐकून सगळे नाक मुरडतात, मीही मुरडलं, शिवाय ते व्याजही करपात्र. पण तुलना कशाशी करायची हे चुकतं. बाँडमध्ये १४ लाख २० हजार जातात, बाँड दहा-दहा हजारांचे असतात म्हणून तेवढे. व्याज वर्षाला ७४,५५०, त्यातून माझ्या ३० टक्क्यांच्या स्लॅबने सेससकट टॅक्स गेला की हातात ५१ हजार. पाच वर्षांनी मुद्दल धरून साधारण १६ लाख ७६ हजार. बाँड घेतले नसते तर आधी २ लाख ९४ हजार टॅक्स जाऊन माझ्याकडे ११ लाख २६ हजारच राहिले असते, आणि त्या ११.२६ चे पाच वर्षांत १६.७६ करायचे तर टॅक्स कापून सव्वाआठ टक्के मिळायला हवेत. एफडीवर ते मिळवायला १२ टक्के व्याजाची एफडी लागेल. शेअर बाजारात कदाचित मिळतील, कदाचित नाहीत, ते ज्याचं त्याने बघावं. मी बाँड घेतले, फेब्रुवारीत, मे महिन्याची वाट न बघता. उरलेल्यातून माझ्या घराच्या कर्जाचा मोठा तुकडा फेडला.

१४ लाखच का, नफा तर ३२ लाख दाखवला जातो ना, हा प्रश्न मलाही पडला. मित्राने समजावलं की कायद्याची भाषा अशी आहे की जुन्या नियमांनी जेवढा टॅक्स आला असता त्यापेक्षा जास्त आला तर जास्तीचा सोडून द्यायचा, आणि जुन्या नियमांत निर्देशांक लावून नफा १४ लाख १४ हजार आणि त्यातून बाँडची सूट, म्हणजे शून्य. ज्यांची आठपट ओलांडते त्यांना मात्र साडेबारा टक्क्यांचा पूर्ण नफा गुंतवावा लागतो, तिथे गल्लत करू नका. या बाँडवर कर्ज काढलं तरी सूट रद्द होते, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी चूक आईच्या बाबतीत होणार होती. आई ७२ वर्षांची, फॅमिली पेन्शन आणि थोडं व्याज मिळून वर्षाचं उत्पन्न १ लाख ९० हजार. मी म्हटलं हिला पाच वर्षं पैसे अडकवायला लावायचे नाहीत, टॅक्स भरून टाकू आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्याने ठेवू. आईचंही तेच, "मला त्या बाँडचं काही सांगू नको, दर तीन महिन्यांनी पैसे खात्यात आले की झालं". मग परत कागद. तिचं उत्पन्न त्या वर्षीच्या ३ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या १ लाख १० हजार खाली, तेवढा नफा तसाच सुटतो, म्हणून करपात्र नफा १३,०४,०९५ आणि टॅक्स सेससकट २ लाख ७१ हजार. टॅक्स भरून उरले असते ३६ लाख ८९ हजार, त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत कारण तिथे मर्यादाच ३० लाखांची, बाकीचे ७ टक्क्यांच्या एफडीत धरले तर वर्षाला व्याज २ लाख ९४ हजार. आणि १३ लाख १० हजारांचे बाँड घेऊन उरलेले साडेसव्वीस लाख त्या योजनेत ठेवले तर व्याज २ लाख ८६ हजार. फरक वर्षाला आठ हजारांचा! पाच वर्षांचे चाळीस हजार, आणि त्यासाठी मी २ लाख ७१ हजार भरायला निघालो होतो. आईला हे आकडे दाखवल्यावर ती म्हणाली मग आधी कशाला घाबरवलंस.

तिची खरी काळजी आजारपणाची होती. तर ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे थोडी कपात सोसून मुदतीआधी काढता येतात, बाँडचे येत नाहीत. म्हणून तिचे २५ लाख योजनेत, दीड लाख साध्या खात्यात हाताशी, आणि बाँड १३ लाख १० हजारच. दर तिमाहीला ५१,२५० रुपये जमा होतात, त्या दिवशी पासबुक भरून आणायला मलाच जावं लागतं, मोबाईलवर दाखवून तिचं समाधान होत नाही.

ताईचं वेगळं. तिला आणि दाजींना खरंच मोठं घर हवं होतं, त्यांनी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट धरला. इथे लोकांचा एक गैरसमज असतो की विक्रीचे सगळे पैसे नवीन घरात घालावे लागतात. राहतं घर विकून राहतं घर घेताना फक्त नफ्याएवढे घातले तरी पुरतात, सगळी रक्कम घालायची अट प्लॉट वगैरे दुसरं काही विकून घर घेताना असते, कलम ५४एफ. ताईला घालायचे होते १४,१४,०९५. रिटर्नच्या मुदतीपर्यंत बिल्डरला गेलेले ५ लाख, बाकीचे स्लॅब पडतील तसे. जे मुदतीपर्यंत खर्च झाले नाहीत ते कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीममध्ये टाकायचे असतात, साध्या खात्यात किंवा एफडीत पडून असले तर सूट जाते.

ताई तिच्या नेहमीच्या बँकेत गेली, तिथल्या मुलाने "हो हो होतं ना" म्हणत फॉर्मवर सह्या घेतल्या आणि आठवड्याने पासबुक दिलं. ताईने फोटो पाठवला. वर पेनाने इंग्रजीत 'कॅपिटल गेन' लिहिलेलं आणि आत खात्याचा प्रकार साधं बचत खातं! योजनेचं नाव कुठेच छापलेलं नाही. तिने परत जाऊन विचारलं तर "पैसे तर सुरक्षित आहेत ना मॅडम". पैसे सुरक्षितच होते हो, सूट नव्हती. मग त्याच बँकेच्या मोठ्या शाखेत जाऊन फॉर्म ए भरून रीतसर खातं उघडलं, ए प्रकारचं, म्हणजे बचत खात्यासारखं कधीही काढता येणारं, कारण हप्ता कधी मागतील सांगता येत नाही. बी प्रकार एफडीसारखा असतो. त्यात ९ लाख १५ हजार भरले. २०२५ मध्ये रिटर्नची ३१ जुलैची मुदत वाढून १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस अशी झाली, त्यामुळे तिला धावपळ करायला वेळ मिळाला, नाहीतर पहिल्या पासबुकावरच मुदत संपली असती.

पैसे काढायलाही नियम आहेत. पहिल्यांदा फॉर्म सी, पुढच्या वेळी आधीचे पैसे कुठे गेले ते फॉर्म डीवर लिहून द्यायचं आणि काढलेली रक्कम ६० दिवसांत घराच्याच कामाला लावायची. करारावर ताईचं नाव आहे आणि हप्ते तिच्याच खात्यातून जातात, दाजींनी त्यांच्या खात्यातून एक हप्ता द्यायची तयारी दाखवली होती ती मित्राने मोडून काढली. आणि हे घर मिळाल्यापासून तीन वर्षांत विकलं तर घेतलेली सूट परत निघते.

हे सगळं १९६१ च्या कायद्याखालचं आहे, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे ५४, ५४ईसी हे आकडे तुमच्या सीएपुढे म्हणताना तेवढं ध्यानात ठेवा.

माझा आणि आईचा रिटर्न झाला आणि विषय संपला, ताईचा मात्र अजून चालू आहे. बांधकाम चालू असलेल्या घराला दोनऐवजी तीन वर्षं मिळतात, ती तिची १४ नोव्हेंबर २०२७ ला संपतात, तोवर खात्यात जे उरेल ते त्या वर्षीचा नफा धरून टॅक्सला येणार. त्यामुळे तिने बिल्डरला सांगून ठेवलंय की आमच्या पैशातले शेवटचे हप्ते आधी घ्या, बँकेच्या कर्जाचे नंतर. दाजी म्हणतात आयुष्यात पहिल्यांदा बिल्डरला कुणीतरी लवकर पैसे मागा म्हणतंय.